उन्हाळ्यातील पातळ कवचाची अंडी: एका पिंजरा शेडचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातील एका कुटुंबाच्या कुक्कुटपालनाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावे दिलेली नाहीत. शेड पत्र्याची असून तिची लांबी पूर्व-पश्चिम आहे. तीत पिंजऱ्यांच्या चार ओळींत सुमारे १,२०० पांढऱ्या संकरित कोंबड्या होत्या. पाणी बोअरवेलचे असून ते निपलमधून मिळत असे. खाद्य घरीच मिसळले जाई: मका, सोया पेंड, भाताचा कोंडा, व्हिटॅमिन-खनिजांचे प्रीमिक्स, डीसीपी हे कॅल्शियम-फॉस्फरसचे खनिज आणि चुनखडीची भुकटी, जिला खाद्याच्या व्यापारात सगळे एलएसपी म्हणतात. हिशोब पती ठेवत आणि अंडी गोळा करणे, निवडणे व ट्रे भरणे ही कामे पत्नी करत. या प्रकरणातील सर्वांत उपयोगी निरीक्षणे पत्नीकडूनच मिळाली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला बोलावणे आले तेव्हा कोंबड्या ६७ आठवड्यांच्या होत्या. त्या वयाला उत्पादन ७८ टक्के होते, म्हणजे वाईट नव्हते. रोज ३१ ट्रेच्या आसपास अंडी निघत होती, पण त्यांतील जवळजवळ तीन ट्रे तडकलेली किंवा हाताळताना फुटणारी होती. हिवाळ्यात हेच प्रमाण एका ट्रेच्याही खाली होते. व्यापारी तडकलेली अंडी घेत नसल्याने ती गावातल्या खाणावळींना कमी दराने द्यावी लागत होती.

तक्रार आणि पहिली पाहणी

तक्रार "अंडी कच्ची येतात" एवढ्याच शब्दांत आली होती. प्रत्यक्षात शेडमध्ये दोन वेगळ्या प्रकारची अंडी होती आणि ती एकाच टोपलीत टाकली जात होती. पहिला प्रकार पातळ कवचाचा होता. ही अंडी आकाराने चांगली, किंबहुना मोठी होती; पण पिंजऱ्याच्या जाळीवरून घरंगळत पुढे येईपर्यंत त्यांना बारीक तडा जात असे. दुसऱ्या प्रकारात कवच जवळजवळ नव्हतेच आणि अंडे फक्त आतल्या पापुद्र्यात होते. "डॉक्टर, ही मऊ अंडी पहाटेच विष्ठेत पडलेली दिसतात, दिवसा नाही," असे त्या गृहिणीने सांगितले. मऊ अंडी रोज १५ ते २० असत. मात्र आठवड्यापूर्वी एका सकाळी ती ६० हून अधिक निघाली होती, हेही त्यांना नेमके आठवत होते.

म्हणून पहिला निर्णय दोन प्रकारांची मोजणी वेगळी करण्याचा घेतला. प्रत्येक ओळीसाठी वहीत दोन रकाने केले, एक तडकलेल्या-पातळ अंड्यांसाठी आणि दुसरा मऊ अंड्यांसाठी. दोघांची कारणे बऱ्याचदा वेगळी असतात. ती एकत्र मोजली तर उपाय कशावर लागू पडला हे नंतर कळत नाही.

पाहणीत आणखी तीन गोष्टी आढळल्या. पश्चिमेकडील टोकाच्या पिंजऱ्यांत, जिथे दुपारचे ऊन थेट येते, पातळ अंड्यांचे प्रमाण पूर्वेकडील टोकाच्या जवळपास दुप्पट होते. खाद्याच्या पन्हळीत तळाशी पांढरट बारीक भुकटी साचून राहिली होती. आणि गेल्या पंधरवड्यात तीन कोंबड्या पिंजऱ्यात पाय लांब करून पडलेल्या सापडल्या होत्या, त्यांपैकी एक मेली होती. त्या दिवशी तशीच पडलेली एक कोंबडी मिळाली, म्हणून ती शवविच्छेदनासाठी घेतली. तिच्या बरगड्या बोटाने दाबल्यावर वाकत होत्या, छातीच्या हाडाला बाक आला होता, अंडाशयात पिवळ्या बलकांची रांग शाबूत होती आणि कवच तयार होण्याच्या पिशवीत अर्धवट कवचाचे अंडे होते. म्हणजे ही आजारी, अंडी थांबलेली कोंबडी नव्हती. ती रोज अंडे देत होती आणि त्यासाठी स्वतःची हाडे खर्च करत होती.

रोगाची शक्यता कशी तपासली

पातळ आणि मऊ अंडी दिसली की खनिजांचा विचार करण्याआधी रोग वगळावा लागतो, कारण रोग असेल तर खाद्यावर घालवलेला प्रत्येक आठवडा वाया जातो. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस, राणीखेत, सौम्य बर्ड फ्लू आणि एग ड्रॉप सिंड्रोम या चारही रोगांत कवच बिघडते. पण त्यांचा मार्ग वेगळा असतो: उत्पादन काही दिवसांतच ठळकपणे कोसळते आणि बिघाड एका बाजूने सुरू होऊन शेडभर पसरतो. ब्रॉन्कायटिसमध्ये अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली होतात आणि पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो.

येथे ताजी अंडी सपाट ताटलीत फोडून पाहिली, तर पांढरा भाग बलकाभोवती घट्ट उभा राहत होता. घरघर, शिंका, हिरवी विष्ठा यांपैकी काही नव्हते, लसीकरणाच्या नोंदी पूर्ण होत्या आणि उत्पादन दोन महिन्यांत ८२ वरून ७८ टक्क्यांवर हळूहळू आले होते. बिघाडाचा नकाशा उन्हाच्या नकाशाशी जुळत होता, संसर्गाच्या नव्हे. तरीही खात्रीसाठी रक्ताचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. त्यांचा निकाल येईपर्यंत थांबायचे नाही, असे मात्र ठरवले. सल्फा गटातील एखादे औषध अलीकडे दिले होते का, हेही विचारले, कारण ही औषधे कवच बनवणाऱ्या विकराच्या कामात अडथळा आणतात आणि मऊ अंडी दिसू लागतात. तसे औषध दिलेले नव्हते.

कवच रात्री बनते, आणि खाद्य दिवसा खाल्ले जाते

पुढचे सगळे निर्णय या एका वस्तुस्थितीवर अवलंबून होते, म्हणून ती थोडी सविस्तर मांडतो. कोंबडीने सकाळी आठच्या सुमारास अंडे दिले की साधारण अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो. त्याभोवती पांढरा भाग आणि पापुद्रे चढायला चार-पाच तास लागतात आणि दुपारी एकच्या सुमारास अंडे कवचाच्या पिशवीत पोहोचते. तिथे ते सुमारे १८ ते २० तास राहते. पहिल्या काही तासांत त्यात पाणी भरते आणि कवचाचे काम संथ चालते. कॅल्शियम झपाट्याने चढू लागते ते संध्याकाळनंतर, आणि हे काम पहाटेपर्यंत चालते. एका चांगल्या कवचात सुमारे दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. ते मुख्यतः अशा वेळी लागते जेव्हा दिवे बंद असतात आणि कोंबडी काही खात नाही.

त्या वेळी कॅल्शियम दोन ठिकाणांहून येऊ शकते. एक, आतड्यातून, जर तिथे अजून काही विरघळत असेल तर. दोन, पायाच्या लांब हाडांच्या पोकळीत कोंबडी अंड्यावर येताना जो खास साठा तयार होतो, त्यातून. हा साठा रात्री वापरायचा आणि दिवसा भरून काढायचा असतो. तो भरला गेला नाही तर अंगाच्या मूळ हाडांवर भार पडतो आणि कोंबड्या पिंजऱ्यात बसू लागतात.

एलएसपी पिठासारखी बारीक असते. ती पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, थांबत नाही, आम्लात लगेच विरघळते आणि संध्याकाळी खाल्लेलीही मध्यरात्रीच्या आत बरीचशी पुढे निघून जाते. दोन ते चार मिलिमीटरचे शिंपल्याचे किंवा चुनखडीचे कण मात्र पेषणीत अडकतात आणि रात्रभर सावकाश विरघळत राहतात. अशा कणांनाच शेल ग्रिट म्हणतात आणि त्याचे महत्त्व एवढ्यातच आहे. शिंपल्यात चुनखडीपेक्षा वेगळे काही औषधी द्रव्य नाही, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच आहेत. फरक आहे तो कणाच्या आकाराचा आणि त्यामुळे मिळणाऱ्या वेळेचा.

कागदावरचे कॅल्शियम आणि कोंबडीपर्यंत पोहोचलेले कॅल्शियम

मालकांनी खाद्याचे सूत्र दाखवले. त्यानुसार कॅल्शियम ३.८ टक्के होते आणि त्यात ढोबळ चूक नव्हती. हिवाळ्यात कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाई, तेव्हा तिला सुमारे ४.२ ग्रॅम कॅल्शियम मिळत होते. एप्रिलमध्ये दुपारी शेडमध्ये तापमान ४० अंशांवर जाऊ लागले आणि खाणे ९५ ग्रॅमवर आले. तेच खाद्य, तीच टक्केवारी, पण आता पोटात जात होते ३.६ ग्रॅम.

त्यात वयाचा भाग येतो. तरुण कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक शोषून घेते, उतारवयात हे प्रमाण घटते. ४५ टक्के धरले, तर रक्तात जाणारे कॅल्शियम १.६ ग्रॅम होते, आणि कवचाला दोन ग्रॅमहून अधिक लागते. ७८ टक्के उत्पादनाच्या सरासरीने पाहिले तर ही तूट फारशी वाटत नाही, कारण ज्या दिवशी अंडे नसते त्या दिवशी भरपाई होते. पण कळपाची सरासरी कुठलीच कोंबडी जगत नाही. ज्या कोंबड्या सलग वीस-पंचवीस दिवस खंड न पडता अंडी देतात, त्यांना भरपाईचा दिवस मिळतच नाही. पिंजऱ्यात पडलेल्या कोंबड्या या सर्वोत्तम कोंबड्यांतल्याच होत्या.

वयाचा दुसरा परिणाम अंड्याच्या आकारावर होतो. ३० आठवड्यांना ५६-५७ ग्रॅमचे असणारे अंडे आता ६३ ग्रॅमचे झाले होते, पण कोंबडी कवचासाठी वापरते ते द्रव्य त्या प्रमाणात वाढत नाही. तेवढेच द्रव्य मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि जाडी कमी होते. हे मोजण्यासाठी आम्ही साधी पद्धत वापरली. प्रत्येक ओळीतून दहा न तडकलेली अंडी घेऊन वजन केली, फोडून कवचे आतून धुतली, पापुद्र्यासह वाळवली आणि सोनाराकडील बारीक काट्यावर तोलली. कवचाचे सरासरी वजन ५.२ ग्रॅम आले, म्हणजे अंड्याच्या सव्वाआठ टक्के. ते नऊ टक्क्यांच्या वर असायला हवे. एका तोलात दोन गोष्टी कळल्या: कवच खरोखर कमी आहे, आणि पुढे सुधारणा मोजायला एक आधाराचा आकडा मिळाला.

तिसरी गोष्ट पन्हळीतील भुकटीची. मार्चअखेर तडे वाढू लागल्यावर मालकांनी स्वतःहून दर क्विंटलला दोन किलो एलएसपी वाढवली होती. तळाशी उरलेली भुकटी वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतले, तर जोरदार फेस आला. उरत होते ते बरेचसे चुनखडीच होते. कोंबडीला पीठ सहज उचलता येत नाही, ती मक्याचे कण वेचते. वाढवलेले कॅल्शियम पन्हळीतच राहत होते आणि धुळकट झालेल्या खाद्यामुळे एकूण खाणे आणखी घटत होते. तडे वाढले की भुकटी वाढवायची ही प्रतिक्रिया मी अनेक शेडमध्ये पाहतो, आणि उन्हाळ्यात ती जवळजवळ नेहमी उलटते.

उष्णतेचे स्वतंत्र काम

उष्णता केवळ भूक मारून थांबत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वेगाने बाहेर जातो, रक्त अधिक अल्कधर्मी होते आणि त्यातील बायकार्बोनेट घटते. कवचाच्या कार्बोनेटचा कच्चा माल तोच असल्याने, कॅल्शियम पुरेसे असले तरी कवच पातळ होऊ शकते. पश्चिम टोकाचे दुप्पट तडे याच कारणाने होते, कारण खाद्य सर्व ओळींना सारखेच मिळत होते. म्हणून केवळ ग्रिट देऊन पश्चिम टोक सुधारणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवले होते.

साठ मऊ अंड्यांची सकाळ

त्या एका सकाळचा शोध घेतला, तेव्हा आदल्या रात्री ग्रामदैवताची यात्रा होती हे कळले. रात्री दहानंतर शेडपासून काही अंतरावर फटाक्यांची आतषबाजी झाली होती. त्या वेळी बहुतेक अंडी कवच चढण्याच्या मध्यावर असतात. अचानक घाबरलेल्या कोंबडीत पिशवीचे स्नायू आकुंचन पावतात आणि अपुरे अंडे बाहेर पडते. काही कोंबड्यांत याच्या उलट घडते: अंडे अडवून धरले जाते, पुढचे अंडे मागून येऊन टेकते आणि एक-दोन दिवसांनी एका बाजूने चपटी किंवा मधोमध वळ उठलेली अंडी मिळतात. अशी सात-आठ चपटी अंडी यात्रेनंतर आली होती, असे आठवून सांगण्यात आले. खाद्यातील दोषाने अशी एकाच दिवसाची उसळी येत नाही.

पण रोजची १५ ते २० मऊ अंडी यात्रेने समजावता येत नव्हती. दोन रात्री शेडजवळ थांबलेल्या मुलाने पाहिले की कुत्री पिंजऱ्याखालच्या खड्ड्यात फुटलेली अंडी खायला येतात आणि ओळींच्या पूर्वेकडील टोकाच्या कोंबड्या फडफडतात. मऊ अंड्यांचा नकाशा काढला, तेव्हा ती याच टोकाला अधिक होती, म्हणजे पातळ अंड्यांच्या नेमकी विरुद्ध बाजूला. वेगळ्या रकान्यांचा उपयोग इथे झाला.

पुढे असलेले पर्याय

पाच सूचना पुढे होत्या. पहिली सूचना औषध दुकानदाराची, पाण्यातून द्रवरूप कॅल्शियम देण्याची. बाटलीवरील प्रमाण आणि मात्रा घेऊन हिशोब केला, तर एका कोंबडीला दिवसाला शंभर मिलिग्रॅमही मिळत नव्हते, आणि गरज चार ग्रॅमची. पडलेल्या कोंबडीला स्वतंत्रपणे देण्यापुरते ते ठेवले, कळपासाठी नाकारले.

दुसरी सूचना डीसीपी वाढवण्याची होती. त्यात कॅल्शियम असते, पण फॉस्फरसही भरपूर असते, आणि अंड्यावर असलेल्या मोठ्या वयाच्या कोंबडीत जादा फॉस्फरस कवचाला मारक ठरतो. ती लगेच बाजूला ठेवली.

तिसरा पर्याय कळप आत्ताच विकून टाकण्याचा होता. तो अविचारी नव्हता. पण नवी पिल्ले अंड्यावर यायला वेळ होता आणि ७८ टक्के उत्पादनाचा कळप केवळ तड्यांसाठी काढणे परवडत नव्हते. दहा आठवड्यांनी पुन्हा विचार करायचे ठरले.

चौथा पर्याय ग्रिटचा आणि पाचवा उष्णता कमी करण्याचा. दोन्ही करायचे होते. प्रश्न होता एकदम करायचे की क्रमाने. एकदम केले असते तर सुधारणा कशामुळे झाली हे कळले नसते, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुटुंबाने दोन्हींचा खर्च आंधळेपणाने केला असता. दुसरीकडे, उष्णतेचे उपाय लांबवले तर कोंबड्या मरण्याचा धोका होता. म्हणून उष्णतेचे उपाय सर्व शेडला लगेच आणि ग्रिट पहिले बारा दिवस फक्त एक आणि तीन क्रमांकाच्या ओळींना, असे ठरवले. ओळी शेडच्या लांबीने धावत असल्याने प्रत्येक ओळीला पश्चिमेचे ऊन आणि पूर्वेची सावली सारखीच मिळत होती. मालकांना सुरुवातीला हे पटले नाही. अर्ध्या कोंबड्यांना फायदा का द्यायचा नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बारा दिवसांची मर्यादा ठरल्यावर ते तयार झाले.

ग्रिट निवडणे

येथे एक अडथळा आला, तो इतरांनाही येईल. पहिले पोते आणले त्यात शिंपल्यांच्या चुऱ्यात वाळू आणि बारीक खडे होते. कठीण खडे पेषणीत दाणे दळायला मदत करतात, पण ते विरघळत नाहीत आणि त्यांच्यातून कॅल्शियम मिळत नाही. नावात ग्रिट असलेल्या या दोन वस्तूंची गल्लत विक्रेतेही करतात. चाचणी सोपी आहे: पाच ग्रॅम नमुना अर्धा लिटर व्हिनेगरमध्ये अधूनमधून ढवळत दोन दिवस ठेवायचा आणि उरलेले वाळवून तोलायचे. चांगल्या चुऱ्याचे जवळजवळ काही उरत नाही. या पोत्यातील नमुन्याचे सव्वा ग्रॅम उरले, म्हणजे चौथा हिस्सा दगडच होता. पोते परत केले. दुसरा माल स्वच्छ होता, पण धुतलेला नसल्याने खारट लागत होता. तो गोड्या पाण्याने धुऊन वाळवला आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून खालचा चुरा वेगळा काढला.

केलेली कृती

एकूण कॅल्शियम फारसे वाढवले नाही, त्याचे रूप बदलले. मार्चमध्ये वाढवलेली दोन किलो एलएसपी कमी केली. ग्रिटच्या ओळींसाठी उरलेल्या एलएसपीपैकीही सुमारे निम्मी काढली आणि तेवढ्याच वजनाचे ग्रिट, म्हणजे कोंबडीमागे चार ते पाच ग्रॅम, खाद्यात न मिसळता दुपारी चारनंतर पन्हळीत खाद्यावर पसरून दिले. संध्याकाळी कोंबडी कॅल्शियमचे कण स्वतःहून शोधते. सकाळी दिलेले ग्रिट ती बाजूला सारते, असे इथेही दिसले.

खाद्याच्या वेळा सर्वच ओळींसाठी बदलल्या. एक तृतीयांश खाद्य पहाटे पाचला, उरलेले दुपारी चारनंतर दोन हप्त्यांत. दुपारी अकरा ते चार पन्हळ रिकामी राहू लागली, त्यामुळे तळाची भुकटीही चाटून संपू लागली. रात्री साडेबारा ते दीड असा तासभर दिवा लावला, ज्यामुळे थंड वेळी कोंबड्या उठून खातात आणि पाणी पितात. दिवे रात्री नऊला बंद आणि पहाटे पाचला सुरू असल्याने या तासाच्या दोन्ही बाजूंना साडेतीन तासांचा अंधार राहत होता. तो तीन तासांहून कमी झाला तर अंडी देण्याची लय बिघडू शकते.

पश्चिमेला ओल्या गोणपाटाचे पडदे, पत्र्यावर चुना, पाण्याच्या टाकीवर सावली आणि दुपारी निपलच्या पाइपमधले तापलेले पाणी सोडून देणे, एवढे उष्णतेसाठी केले. खाद्यातील मिठाचा काही भाग खाण्याच्या सोड्याने बदलण्याचा विचार होता. बायकार्बोनेटची तूट त्याने भरून निघू शकते. पण बोअरचे पाणी चवीला मचूळ होते आणि त्यात सोडियम किती आहे हे माहीत नसताना आणखी सोडियम देणे योग्य वाटले नाही. ते पाण्याच्या तपासणीपर्यंत थांबवले. प्रीमिक्सचे पोते पत्र्याखाली कित्येक महिने उघडे होते, त्यातील डी-३ जीवनसत्त्वावर भरवसा नव्हता, म्हणून नवे आणले. कुत्र्यांसाठी खड्ड्याभोवती जाळी लावली आणि फुटलेली अंडी संध्याकाळीच उचलायला सुरुवात केली.

परिणाम

सर्वांत आधी मऊ अंडी कमी झाली. जाळी लावल्यानंतर आठवड्याभरात ती दिवसाला चार-पाचवर आली. तेव्हा ग्रिट अर्ध्याच शेडला होते, आणि घट ग्रिट नसलेल्या ओळींतही तेवढीच होती. म्हणजे या घटीचे श्रेय रात्रीच्या शांततेला द्यावे लागते.

पातळ अंड्यांत फरक पडायला वेळ लागला. पहिले पाच-सहा दिवस दोन्ही गटांत तडे थोडे कमी झाले, जे उष्णतेच्या उपायांचे काम असावे. त्यानंतर गट वेगळे होऊ लागले. बाराव्या दिवशी ग्रिटच्या ओळींत तडकलेली अंडी सुमारे पाच टक्के होती, बाकी दोन ओळींत सात ते साडेसात. पुन्हा तोललेल्या कवचांत ग्रिटच्या ओळींची सरासरी ५.५ ग्रॅम निघाली आणि इतरांची ५.३. फरक लहान दिसतो, पण मोठ्या अंड्याला तडा जाणे न जाणे एवढ्याच फरकावर ठरते. तेराव्या दिवसापासून सर्व ओळींना ग्रिट सुरू केले.

मेअखेर संपूर्ण शेडचे प्रमाण चार ते पाच टक्क्यांवर स्थिरावले. ते हिवाळ्यातल्या पातळीवर गेले नाही आणि जाणारही नव्हते, कारण वय मागे फिरत नाही. नव्याने बसलेली एकच कोंबडी सापडली. तिला पिंजऱ्याबाहेर भुशावर ठेवून ग्रिट आणि थेंबांनी कॅल्शियम दिले. ती आठवड्यात उभी राहिली. रक्ताच्या नमुन्यांत रोगाचा पुरावा मिळाला नाही.

वेगळे काय करता आले असते

ग्रिट ६७ व्या आठवड्यात सुरू झाले, ते ४५ ते ५० आठवड्यांच्या दरम्यान सुरू व्हायला हवे होते. हाडांतील साठा टिकवणे सोपे आहे, रिकामा झालेला साठा अंडी चालू असताना भरणे फार अवघड आहे. ग्रिट आणि उष्णतेच्या उपायांनी मिळून तडे निम्म्याने घटले, पण शून्याकडे गेले नाहीत, यामागे हा उशीरही आहे.

खाणे घटले तेव्हा सूत्राची टक्केवारी तशीच राहिली. मार्चमध्ये रोजचे खाणे तोलले गेले असते, तर टक्केवारीऐवजी ग्रॅमचा हिशोब आधीच झाला असता. उन्हाळी सूत्र ९५ ग्रॅम धरूनच बांधायला हवे, आणि त्यात फक्त कॅल्शियम नव्हे, तर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही त्याच प्रमाणात दाट करावी लागतात.

आमच्या तुलनेलाही मर्यादा आहे. ग्रिटच्या ओळींत एलएसपी कमी झाल्यामुळे खाद्य कमी धुळकट झाले, त्यामुळे त्यांचा फायदा कणाच्या आकाराचा किती आणि खाद्य अधिक खाल्ले गेल्याचा किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन ओळींचे उरलेले खाद्य रोज तोलले असते तर ते कळले असते.

पाण्याची तपासणी उन्हाळ्याआधी व्हायला हवी होती. पिण्याच्या पाण्यातील जादा मिठानेही कवच बिघडते, आणि उन्हाळ्यात कोंबडी पाणी बरेच अधिक पिते. जूनमध्ये आलेल्या अहवालात क्षार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. सोडा देणे थांबवले हे त्यामुळे बरोबर ठरले, पण पाण्याचा वाटा किती होता हा प्रश्न उरला. कळप ७७ आठवड्यांना विकला. नव्या कळपाच्या दोन ओळींना येत्या उन्हाळ्यात टाकीत साठवलेले पावसाचे पाणी आणि दोन ओळींना बोअरचे पाणी देऊन कवचे तोलण्याचे ठरले आहे. त्यासाठी छताची पन्हळ आणि टाकी यांचे काम सुरू झाले आहे.